तोटा झालाय, तरी रिटर्न वेळेत भरा: नोकरी सांभाळून शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्यांना खुले पत्र

नोकरदार ट्रेडर आणि गुंतवणूकदार मित्रमैत्रिणींनो,

सस्नेह नमस्कार.

रिटर्न भरायचे दिवस आले की एक वाक्य हमखास ऐकू येते: “यंदा तोटाच झालाय, मग तो दाखवायचा कशाला? पगाराचा फॉर्म 16 आहे, तेवढा भरून मोकळे होऊ.” आम्ही करसल्लागार हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहीत आहोत. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या 100 व्यक्तींपैकी 93 जणांना तोटा झाला. म्हणजे तोट्याचा हिशेब कसा मांडायचा हा बाजारात उतरलेल्या बहुतेकांचा प्रश्न आहे. मात्र तो मुदतीत मांडला नाही, तर पुढच्या वर्षांच्या नफ्यातून तो वळता करून घेण्याचा हक्क जातो.

सुरुवात ब्रोकरच्या स्टेटमेंटपासून करा. ॲपवर वर्षाचा एकच आकडा ठळक दिसतो, “एकूण तोटा इतका”. प्राप्तिकर कायद्याला तो आकडा उपयोगाचा नाही. ब्रोकरच्या संकेतस्थळावर करासाठीचे वेगळे नफा-तोटा पत्रक मिळते. ते डाउनलोड केले की व्यवहार चार भागांत विभागलेले दिसतील: इंट्राडे, एफ अँड ओ, अल्पमुदतीचे डिलिव्हरी व्यवहार आणि दीर्घमुदतीचे डिलिव्हरी व्यवहार. या प्रत्येक भागाला कायद्यात वेगळा नियम आहे. चारही आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून एकच आकडा रिटर्नमध्ये टाकणे, ही आम्हाला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक आहे.

इंट्राडे म्हणजे शेअर घेतले आणि प्रत्यक्ष ताब्यात न घेता त्याच दिवशी विकले. 1961 च्या कायद्याच्या कलम 43(5) प्रमाणे हा सट्टा व्यवहार ठरतो. शब्द कानाला खटकतो, पण त्यात बेकायदेशीर काही नाही, तो फक्त वर्गीकरणाचा शब्द आहे. एफ अँड ओ मध्येही डिलिव्हरी बहुधा नसतेच, तरीही मान्यताप्राप्त शेअर बाजारात झालेले डेरिव्हेटिव्ह व्यवहार त्याच कलमाने सट्ट्यातून वगळले आहेत. त्यामुळे एफ अँड ओ चा तोटा हा साधा धंद्यातला तोटा होतो. तुम्ही नोकरी करता, दुकान नाही, जीएसटी नंबर नाही, तरी या उत्पन्नापुरते तुम्ही कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिक आहात. म्हणून फॉर्म आयटीआर-1 किंवा आयटीआर-2 नाही, आयटीआर-3 लागतो. एफ अँड ओ चा तोटा आयटीआर-2 मध्ये अल्पमुदतीचा भांडवली तोटा म्हणून घुसवला, तर फॉर्म भरला जाईल, पण वर्गीकरण चुकीचे ठरेल आणि तपासणीत तो टिकणार नाही.

डिलिव्हरी घेऊन, गुंतवणूक म्हणून ठेवलेल्या शेअर्सचा नफा-तोटा भांडवली असतो. बाजारात नोंदलेला शेअर 12 महिन्यांहून जास्त ठेवून विकला तर दीर्घमुदतीचा, नाहीतर अल्पमुदतीचा.

आता हे तोटे कुठून वळते होतात ते एका पूर्ण उदाहरणावर पाहू. आकडे आम्ही बेतलेले आहेत, नियम खरे आहेत.

आर्थिक वर्ष 2023-24. प्रमाणित वजावटीनंतर पगार 10,50,000 रुपये. बँकेचे व्याज 45,000. एफ अँड ओ मध्ये खर्च धरून तोटा 3,40,000. इंट्राडेत तोटा 70,000. डिलिव्हरीच्या शेअर्सवर अल्पमुदतीचा नफा 80,000 आणि दीर्घमुदतीचा तोटा 1,10,000.

पहिला मोह असा होतो की एफ अँड ओ चे 3,40,000 पगारातून वजा करावेत. ते चालत नाही. धंद्याचा तोटा पगारातून वळता करायला कलम 71(2A) ने थेट मनाई आहे. मात्र त्याच वर्षीच्या इतर उत्पन्नांतून तो वळता होतो: व्याज, लाभांश, घरभाडे, भांडवली नफा. त्यामुळे 3,40,000 मधून व्याजाचे 45,000 आणि अल्पमुदतीच्या नफ्याचे 80,000 भरून निघतात. उरतात 2,15,000. व्याजावर आणि त्या 80,000 वर कर शून्य. हा फायदा त्याच वर्षी हातात पडतो, आणि फक्त फॉर्म 16 वर रिटर्न भरणारा माणूस तो सोडून देतो. उलट व्याज आणि शेअर विक्री वार्षिक माहिती पत्रकात दिसत असल्याने त्यावर कर मागणारी विचारणा मात्र त्याला येऊ शकते.

इंट्राडेचे 70,000 इथे कशातूनही वळते होत नाहीत. सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्या नफ्यातून जातो, आणि या वर्षी तसा नफा नाही. दीर्घमुदतीचा 1,10,000 चा तोटाही अल्पमुदतीच्या 80,000 मधून जात नाही, कारण दीर्घमुदतीचा तोटा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून वळता होतो. अल्पमुदतीचा तोटा मात्र दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून होतो. भांडवली तोटा पगार, व्याज किंवा धंद्याच्या उत्पन्नातून कधीच जात नाही.

तर वर्षाअखेर करपात्र उरला पगार, 10,50,000. पुढे न्यायचे तोटे तीन: धंद्याचा 2,15,000, सट्ट्याचा 70,000, दीर्घमुदतीचा भांडवली 1,10,000. आयटीआर-3 मध्ये हे तीन टप्प्यांत दिसते. चालू वर्षातले वळते करणे `Schedule CYLA` मध्ये, मागच्या वर्षांचे तोटे वळते करणे `Schedule BFLA` मध्ये, आणि पुढे जाणारे तोटे `Schedule CFL` मध्ये. रिटर्न दाखल करण्याआधी `Schedule CFL` उघडून आपले तीन आकडे तिथे वेगवेगळ्या रकान्यांत आले आहेत ना हे बघा. इंट्राडेचा आकडा नफा-तोटा पत्रकातल्या सट्टा व्यवहारांच्या वेगळ्या ओळीत न भरता धंद्याच्या आकड्यात मिसळला असेल, तर इथे सट्ट्याचा रकाना रिकामा आणि धंद्याचा फुगलेला दिसेल. चूक पकडण्याची ही सर्वांत सोपी जागा आहे.

धंद्याचा आणि भांडवली तोटा पुढची 8 करनिर्धारण वर्षे नेता येतो, सट्ट्याचा फक्त 4. करनिर्धारण वर्ष म्हणजे आर्थिक वर्षाच्या लगेच पुढचे वर्ष, म्हणून आपल्या उदाहरणातला आर्थिक वर्ष 2023-24 चा तोटा करनिर्धारण वर्ष 2024-25 चा आहे. म्हणजे सट्ट्याचे 70,000 करनिर्धारण वर्ष 2028-29 पर्यंत वापरायचे, बाकीचे दोन्ही 2032-33 पर्यंत. 1 एप्रिल 2026 पासून प्राप्तिकर कायदा 2025 लागू झाला, म्हणून जुने तोटे बुडाले असा समज करून घेऊ नका. जुन्या कायद्याखाली निश्चित झालेले तोटे उरलेल्या वर्षांसाठी नव्या कायद्यातही पुढे चालतात.

आता पुढचे आर्थिक वर्ष, 2024-25. समजा एफ अँड ओ मध्ये 1,20,000 नफा झाला, इंट्राडेत 50,000 नफा, दीर्घमुदतीचा भांडवली नफा 90,000 आणि व्याज 60,000.

इथे एक नियम बदलतो आणि बरेच जण त्यात फसतात. एफ अँड ओ चा तोटा गेल्या वर्षी व्याजातून वळता झाला होता. तोच तोटा पुढे नेल्यावर मात्र फक्त धंद्याच्या उत्पन्नातून वळता होतो. यंदाच्या 60,000 व्याजाला तो हात लावू शकत नाही, त्या व्याजावर पूर्ण कर लागेल. म्हणून मागचे 2,15,000 यंदाच्या एफ अँड ओ च्या 1,20,000 मधून जातात आणि 95,000 पुढे उरतात.

इंट्राडेच्या 50,000 नफ्यावर दोन्ही जुन्या तोट्यांचा हक्क आहे. धंद्याचा जुना तोटा सट्ट्याच्या नफ्यातूनही वळता होऊ शकतो, उलट सट्ट्याचा जुना तोटा इतर धंद्याच्या नफ्यातून होत नाही. शिवाय सट्ट्याच्या तोट्याची मुदत निम्मी. त्यामुळे तो नफा आधी सट्ट्याच्या तोट्यालाच द्यायचा: 70,000 मधून 50,000 गेले, 20,000 पुढे. `Schedule BFLA` मध्ये तसेच झाले आहे का ते पाहा.

दीर्घमुदतीचे 90,000 जरा चटका लावतात. एसटीटी भरलेल्या नोंदणीकृत शेअर्सवरचा दीर्घमुदतीचा नफा 2024-25 मध्ये 1,25,000 पर्यंत करमुक्तच होता. म्हणजे जुना तोटा नसता तरी या 90,000 वर कर शून्यच आला असता. पण वळते करण्याचा क्रम आधी येतो, करमुक्त मर्यादा नंतर. मागचा 1,10,000 चा तोटा आधी या 90,000 ला खाऊ घातला जातो आणि पुढे फक्त 20,000 उरतात. “यंदा नको, पुढच्या मोठ्या नफ्यासाठी राखून ठेवतो” असे म्हणायची सोय नाही. ज्यांच्या खात्यात मोठा दीर्घमुदतीचा तोटा पडून आहे, त्यांनी दरवर्षी मर्यादेपुरता नफा काढून घेण्याची नेहमीची युक्ती वापरण्याआधी हे लक्षात घ्यावे. त्यांच्या बाबतीत ती युक्ती जुना तोटा फुकट संपवते.

त्याच जातीची आणखी एक चूक मार्चअखेरीला होते. तोट्यातला शेअर विकून भांडवली तोटा नोंदवायचा आणि शेअर तर हातात ठेवायचा, म्हणून काही जण सकाळी विकतात आणि दुपारी त्याच बाजारात तेवढेच शेअर परत घेतात. दिवसाअखेर देणे-घेणे एकमेकांत मिटते, डीमॅटमधून शेअर हलतच नाही आणि व्यवहार इंट्राडे ठरतो. हवा होता भांडवली तोटा, तो मिळतच नाही. उरतो फक्त त्या दिवसाच्या भावातला फरक, तोही सट्ट्याच्या खात्यात. परत घ्यायचेच असेल तर निदान दुसऱ्या दिवशी घ्या.

आता मुदतीकडे येऊ, कारण वरचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. कलम 80 सांगते की हे तिन्ही तोटे पुढे न्यायचे असतील तर रिटर्न कलम 139(1) च्या मुदतीत भरलेले असले पाहिजे. आपल्या उदाहरणात, म्हणजे लेखापरीक्षण लागू नसलेल्या व्यक्तीसाठी, ती तारीख 31 जुलै 2024 होती. सरकारने मुदतवाढ दिली तर वाढीव तारीख धरली जाते, म्हणून प्रत्येक वर्षीची तारीख त्या त्या वर्षी तपासा.

हेच रिटर्न 5 ऑगस्टला भरले असते तर? त्याच वर्षी व्याज आणि अल्पमुदतीच्या नफ्यातून वळते झालेले 1,25,000 तसेच राहिले असते, कारण चालू वर्षातले वळते करणे उशिराच्या रिटर्नमध्येही चालते. पण पुढे जाणारे 2,15,000, 70,000 आणि 1,10,000, एकूण 3,95,000, पाच दिवसांच्या उशिराने गेले असते. त्यातले नुसते धंद्याचे 2,15,000 पाहा. पुढे तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असताना ते वापरले गेले, तर 4 टक्के सेस धरून 67,080 रुपयांचा कर वाचतो. उशिराचे शुल्क 5,000 आहे म्हणून “पाच हजार भरू, नंतर बघू” म्हणणाऱ्यांनी हा आकडा शेजारी लिहून ठेवावा. नंतर अद्ययावत रिटर्न भरून नवा तोटा मागण्याची वाटही बंद आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. मागचा तोटा वेळेवरच्या रिटर्नने एकदा निश्चित झाला असेल, तर यंदाचे रिटर्न उशिरा गेले तरी तो जुना तोटा बुडत नाही. उशिराने फक्त त्या वर्षीचा नवा तोटा जातो. घराच्या मालमत्तेचा तोटा आणि घसाऱ्याची न वापरलेली रक्कम यांनाही कलम 80 ची ही अट नाही.

मुदतीतच एक छुपा खड्डा आहे, ई-पडताळणीचा. रिटर्न अपलोड केले आणि 30 दिवसांत पडताळणी केली, तर अपलोडची तारीख धरतात. 30 दिवसांनंतर केली तर पडताळणीची तारीख हीच रिटर्न भरल्याची तारीख होते. 31 जुलैला रिटर्न भरले, पोचपावती डाउनलोड केली, आधार ओटीपी “नंतर” वर ठेवला आणि सप्टेंबरात आठवण झाली, की वेळेवर भरलेले रिटर्न उशिराचे ठरते आणि तोटा जातो. म्हणून बसल्या बैठकीत ओटीपी टाका आणि पोर्टलवर पडताळणी पूर्ण झाल्याचा संदेश दिसेपर्यंत उठू नका.

लेखापरीक्षणाच्या भीतीने एफ अँड ओ न दाखवणारेही बरेच आहेत. “तोटा आहे म्हणजे ऑडिट लागणारच” हे सरसकट खरे नाही. एफ अँड ओ ची उलाढाल कॉन्ट्रॅक्टच्या पूर्ण किमतीने मोजत नाहीत. प्रत्येक सौद्यातला फरक, नफा असो वा तोटा, चिन्ह सोडून बेरजेत घेतात. चार सौद्यांत 18,000 नफा, 42,000 तोटा, 9,000 नफा, 65,000 तोटा झाला, तर उलाढाल 1,34,000 आणि निव्वळ तोटा 80,000. ऑडिटची मर्यादा 1 कोटी उलाढालीची आहे, आणि रोखीतली जमा आणि खर्च प्रत्येकी 5 टक्क्यांच्या आत असतील तर 10 कोटी. बाजाराचे व्यवहार बँकेतूनच होतात, त्यामुळे नोकरदाराला बहुधा दुसरी मर्यादा लागू पडते. अपवाद लक्षात ठेवा: पूर्वी कलम 44AD खाली अंदाजित नफा दाखवला होता आणि पाच वर्षांच्या आत त्यातून बाहेर पडलात, तर कमी उलाढालीवरही ऑडिट लागू शकते. असा इतिहास असेल तर सीएला तो आधीच सांगा.

खर्चाच्या बाबतीत एक बारकावा उपयोगी पडेल. इंट्राडे आणि एफ अँड ओ मध्ये ब्रोकरेज, बाजाराचे शुल्क आणि एसटीटी हे सगळे धंद्याचे खर्च म्हणून धरता येतात, त्यामुळे तोटा तेवढा वाढतो. भांडवली नफा-तोट्यात ब्रोकरेज धरता येते, एसटीटी नाही. काही स्टेटमेंटमध्ये तोटा खर्च वगळून दिलेला असतो आणि शुल्के खाली वेगळी असतात. ती ओळ सुटली तर हक्काचा तोटा कमी नोंदला जातो.

आणि जुनी करपद्धत निवडणाऱ्यांसाठी: धंद्याचे उत्पन्न आले की जुन्या पद्धतीसाठी रिटर्नच्या मुदतीतच फॉर्म 10-आयईए भरावा लागतो, आणि दरवर्षी पद्धत बदलण्याची पगारदाराची मुभा राहत नाही. एफ अँड ओ चा तोटा वळता करणे आणि पुढे नेणे मात्र नव्या पद्धतीतही चालते.

रिटर्न गेले म्हणून फाइल बंद करू नका. कलम 143(1) ची सूचना ईमेलवर येते. बहुतेक जण परतावा किती एवढेच बघतात. तिच्यात पुढे नेलेल्या तोट्याचे आकडेही तुमच्या `Schedule CFL` शी ताडून पाहा. ज्या वर्षाचा तोटा आहे त्या वर्षीचे रिटर्न उशिरा गेल्याचे दिसले, तर तो वळता करणे याच टप्प्यावर नाकारले जाते. तुमचे रिटर्न वेळेत असूनही आकडा कमी आला असेल, तर कलम 154 खाली दुरुस्तीचा अर्ज करा. सूचना ज्या आर्थिक वर्षात निघाली ते संपल्यापासून चार वर्षे ही दुरुस्ती करता येते, पण वाट पाहू नका, कारण पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये हाच आकडा लागणार आहे. तोट्याच्या वर्षाची पोचपावती, पूर्ण रिटर्नची पीडीएफ, ही सूचना आणि ब्रोकरचे पत्रक एका फोल्डरमध्ये शेवटचा रुपया वळता होईपर्यंत ठेवा. ब्रोकर बदलला किंवा खाते बंद केले तर जुनी पत्रके मिळवताना फार धावपळ होते.

ज्यांची मुदत खरोखरच चुकली आहे, उदाहरणार्थ आजारपणाने, त्यांच्यासाठी एक दार आहे. कलम 119(2)(b) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रक क्रमांक 11/2024 नुसार 1 कोटीपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात, अर्ज संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो, आणि शक्यतो सहा महिन्यांत तो निकाली काढावा असे त्यात म्हटले आहे. अर्जात अडचण खरी होती हे कागदांनी दिसले पाहिजे: रुग्णालयाची डिस्चार्ज समरी, तारखा, आणि तोटा खरा असल्याची ब्रोकरची पत्रके. “माहीत नव्हते” एवढ्यावर भिस्त ठेवू नका. उदाहरणातल्या 2023-24 च्या तोट्यासाठी ही वाट 31 मार्च 2030 पर्यंत खुली आहे.

आपले,
काही करसल्लागार